विनियोजन आधी की वित्त विधेयक? घरातून चालत जा

*ताई, मी टी.वाय.बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलंय आणि राज्यसेवेचा अभ्यासही करतेय. केंद्रीय अर्थसंकल्प तयार होतो तिथपासून मंजूर होतो तिथपर्यंतचे टप्पे मला क्रमाने लक्षात राहत नाहीत. एका व्हिडिओत बघून मी मनात एक राजवाडा उभा केला आणि एकेका दालनात एकेक टप्पा ठेवला. दोन दिवस छान जमलं. मग चाचणीत विनियोजन विधेयक आणि वित्त विधेयक उलटसुलट झाली. कपात सूचना आधी की गिलोटिन आधी, तेही आठवेना. दोन्हीसाठी मी सुरीचं चित्र केलं होतं. ही पद्धत माझ्यासाठी नाहीच का? आमचं घर कऱ्हाडजवळच्या गावात आहे, जुनं, सोपा-माजघराचं, मागे परडं आणि विहीर. राजवाडा मी प्रत्यक्षात कधी पाहिलेला नाही.*

तुझ्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं वाचली आणि वाटलं, उत्तर तूच लिहून पाठवलंयस. राजवाडा सोडून दे. ज्या घरात तू अंधारातही न धडपडता पाणी प्यायला जाऊ शकतेस, ते घर घे. मनातल्या राजवाड्याच्या दालनांचा क्रम तुला आधी पाठ करावा लागला आणि त्यावर टप्प्यांचा क्रम ठेवावा लागला, म्हणजे ओझं दुप्पट झालं. स्वतःच्या घराचा क्रम पायांना माहीत असतो.

हीच चूक मीही केली होती. शिकत असताना मी आमच्या कॉलेजचा लांब व्हरांडा घेतला होता, एका रांगेत चौदा सारखी दारं. चित्रं या दारातून त्या दारात सरकायची आणि मला पत्ताही लागायचा नाही. पुढे कळलं की सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या एका लॅटिन वक्तृत्वग्रंथात नेमकं हेच बजावलंय: एकसारख्या खांबांच्या मधल्या जागा घेऊ नका, गोंधळ होतो. जागा वेगवेगळ्या दिसणाऱ्या हव्यात, पुरेशा उजेडातल्या हव्यात आणि एकमेकींपासून बेताच्या अंतरावर हव्यात. त्याच ग्रंथातला आणखी एक सल्ला मी आजही वापरते. प्रत्येक पाचव्या जागेवर खूण करायची, पाचवीवर सोन्याचा हात. मधेच कुठे हरवलीस तर खुणेवरून कळतं की आपण कितव्या जागी आहोत.

आता तुझ्या घरात शिरू. मला तेरा जागा लागतील. खरं घर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे एखादी वस्तू तुमच्याकडे नसली तर त्या जागी असलेलं काहीही घे. पण आज संध्याकाळी एकदा खरंच चालत जा, फाटकापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून परत फाटकापर्यंत. त्या वेळी एकही टप्पा आठवू नकोस, नुसत्या जागा मोज.

पहिली जागा फाटक. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्थ मंत्रालयाचा अर्थसंकल्प विभाग सगळ्या मंत्रालयांना परिपत्रक पाठवतो आणि पुढच्या वर्षाचे अंदाज मागवतो. फाटकावर पोस्टमन थाळी बडवतोय आणि कागद उडवतोय, असं बघ. दुसरी जागा तुळशीकट्टा. कट्ट्याभोवती मंत्रालयं आपापल्या मागण्यांची गाठोडी घेऊन बसलीत आणि घासाघीस चाललीय. आकडे ठरवण्याच्या बैठका आणि उद्योग, शेतकरी, अर्थतज्ज्ञ यांच्याशी होणाऱ्या अर्थसंकल्पपूर्व चर्चा इथेच ठेव. तिसरी जागा पायऱ्या, जिथे चपला काढतात. तिथे मोठ्या कढईत हलवा रटरटतोय आणि चपलांना कुलूप घातलंय. हलव्याचा समारंभ झाला की अर्थसंकल्पाच्या कामातले अधिकारी भाषण होईपर्यंत बाहेर पडू शकत नाहीत, हे ते कुलूप सांगतं. चौथी जागा सोपा. आजोबा बाकावर बसून गेल्या वर्षीच्या हिशेबाची वही मोठ्याने वाचतायत. हा आर्थिक पाहणी अहवाल. तो सहसा अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी मांडला जातो.

या चार जागा भराभर पार केल्या तरी चालेल, कारण तुझा गोंधळ इथे नाही. तो माजघरात शिरल्यावर सुरू होतो.

पाचवी जागा माजघराचा उंबरा. त्यावर सोन्याचा हात ठेव. इथे सरकारची तयारी संपते आणि संसदेचं काम सुरू होतं, म्हणून ही खूण अगदी योग्य जागी येते. 1 फेब्रुवारीला, 2017 पासून हीच तारीख आहे, अर्थमंत्री लोकसभेत वार्षिक वित्तीय विवरणपत्र मांडतात. उंबऱ्यावर लाल कापडातली वही उघडलेली दिसू दे. आणि त्याच उंबऱ्याच्या कडेला एक माणूस रिकामी घागर घेऊन गप्प बसलेला दिसू दे. हा माणूस म्हणजे वित्त विधेयक.

इथे थोडं थांब, तुझ्या उलटसुलटीचं मूळ इथे आहे. वित्त विधेयक अर्थसंकल्पाच्या दिवशीच लोकसभेत *मांडलं* जातं, पण *मंजूर* होतं अगदी शेवटाकडे. विनियोजन विधेयक मागाहून येतं आणि तरी आधी मंजूर होतं. तू पुस्तकात वित्त विधेयकाचं नाव सुरुवातीलाही वाचलंस आणि शेवटीही, आणि राजवाड्यात त्याला एकच दालन दिलंस. मग आठवताना ते कधी पुढे पळालं, कधी मागे. एकच टप्पा दोन ठिकाणी दिसत असेल तर त्याचं एक पात्र कर आणि ते पात्र दोन जागी ठेव, पण वेगळ्या अवस्थेत. उंबऱ्यावर घागर रिकामी आहे. ती कुठे भरते ते पुढे बघू.

सहावी जागा माजघरातला झोपाळा. दोन्ही सभागृहांत काही दिवस सर्वसाधारण चर्चा होते. झोपाळ्यावर मंडळी झुलत झुलत मोठमोठ्या गोष्टी बोलतायत, पण कुणी हात वर करत नाही, कारण इथे मतदान नसतं आणि कपात सूचनाही मांडता येत नाही. झोपाळ्याच्या कड्यांना हात बांधलेत असं बघ, मतदान नाही हे विसरणार नाहीस.

सातवी जागा जातं. सभागृहाला सुट्टी लागते आणि त्या काळात विभागांशी संबंधित स्थायी समित्या एकेका मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासतात. अशा समित्या 1993 मध्ये सुरू झाल्या, आज त्या 24 आहेत. माजघरातला दिवा मालवलेला आहे, म्हणजे सुट्टी, आणि अंधारात जात्यावर मागण्यांचं दळण चाललंय. समित्या सूचना देतात, पण मागणी नामंजूर करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. पीठ पडतंय, पण भाकरी कुणी थापत नाही.

आठवी जागा स्वयंपाकघरातली विळी. सुट्टीनंतर लोकसभेत मागण्यांवर मतदान होतं, फक्त लोकसभेत. आई विळीवर बसलीय आणि समोर भाजीचे ढीग आहेत, एकेक ढीग एकेका मंत्रालयाची मागणी. कपात सूचना इथेच येतात आणि त्यांचे तीन प्रकार आहेत. धोरणच अमान्य असेल तर मागणी 1 रुपयावर आणायची असं सुचवतात. खर्च जास्त वाटत असेल तर ठरावीक रक्कम कापा म्हणतात. एखादी तक्रार नोंदवायची असेल तर नाममात्र 100 रुपये कापा म्हणतात. तीन ढिगांवर तीन गोष्टी ठेव: पहिल्यावर एकच नाणं उरलंय, दुसऱ्यातून मोठा तुकडा गेलाय, तिसऱ्यावरून 100 ची एक नोट उचललीय. भारित खर्चाचा ढीग, उदाहरणार्थ न्यायाधीशांचे पगार, झाकून बाजूला ठेवलाय. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही.

नववी जागा चूल किंवा गॅस, जे असेल ते. इथे गिलोटिन. तू सुरी केलीस आणि कपात सूचनेलाही सुरीच केलीस, मग दोन सुऱ्या एकमेकींत मिसळल्या यात नवल काय? शब्दामागचं पातं विसर आणि ती गोष्ट काय करते ते बघ. मागण्यांसाठी ठरलेल्या दिवसांतला शेवटचा दिवस संपत आला की अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या, चर्चा झालेली असो वा नसो, एकदम मताला टाकतात. म्हणजे हा वेळेचा टप्पा आहे. कुकरची शेवटची शिट्टी होते आणि आई शेगडीवरची सगळी भांडी, शिजलेली आणि अर्धी कच्ची, एका झटक्यात खाली उतरवते. विळीनंतर कुकर, हा क्रम कुठल्याही स्वयंपाकघरात उलटा होत नाही. म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता पाठ करावं लागणार नाही.

दहावी जागा आतल्या खोलीतली लोखंडी पेटी. ही दुसरी खूण, पाचाच्या दुप्पट, म्हणून पेटीवर दोन सोन्याचे हात. विनियोजन विधेयक म्हणजे मंजूर मागण्या आणि भारित खर्च यांच्यासाठी संचित निधीतून पैसे काढायची परवानगी. पेटीची किल्ली फिरतेय, पण आतल्या चिठ्ठीवरचा आकडा खोडता येत नाही, कारण मंजूर रक्कम बदलणारी दुरुस्ती या विधेयकाला सुचवता येत नाही.

अकरावी जागा न्हाणीघरातला रांजण. उंबऱ्यावरचा तो माणूस आता आलाय. त्याची घागर भरलेली आहे आणि तो ती रांजणात ओततोय. वित्त विधेयक कराचे प्रस्ताव अमलात आणतं, म्हणजे पाणी येण्याची सोय करतं. विनियोजनात बदल चालत नाही, पण इथे एखादा कर नाकारणारी किंवा कमी करणारी दुरुस्ती सुचवता येते, म्हणून घागर थोडी हिंदकळू दे. मांडल्यापासून 75 दिवसांत हे विधेयक मंजूर व्हावं लागतं, कारण काही कर मांडल्या दिवसापासूनच तात्पुरते वसूल व्हायला लागलेले असतात.

बारावी जागा मागचं दार. दारात आत्या उभी आहे, हातात चौदा बांगड्या. ती पेटीची चिठ्ठी आणि घागर, दोन्ही हातात घेऊन बघते, चार शब्द सांगते आणि परत देते. राज्यसभेला ही दोन्ही विधेयकं 14 दिवसांत परत करावी लागतात, ती अडवता येत नाहीत आणि तिच्या सूचना लोकसभेवर बंधनकारक नसतात. एक सावधगिरी: दोन्ही विधेयकं राज्यसभेकडे स्वतंत्रपणे जातात. मी जागा वाचवायला दोन्ही वस्तू एकाच दारात दिल्या आहेत, म्हणून आत्याच्या हातात त्या दोन वेगळ्या वस्तू दिसल्याच पाहिजेत. तेरावी जागा विहीर. काठाच्या दगडावर राष्ट्रपतींची सही कोरलेली आहे आणि त्यानंतरच पोहरा खाली सोडता येतो. विहीर म्हणजे संचित निधी. कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय त्यातून एक पैसाही निघत नाही.

घर फिरून झालं. आता यातलं खरं अवघड काम.

मार्गाने क्रम मिळतो, कारण मिळत नाही. मुलाखतीत विचारतील, "विनियोजनानंतरच वित्त विधेयक का?" आणि तुझ्या डोळ्यांसमोर फक्त पेटी आणि रांजण असेल तर तू गप्प बसशील. म्हणून एका जागेवरून दुसरीकडे जाताना पावलाबरोबर एक वाक्य बोल, मोठ्याने. उंबऱ्यावरून झोपाळ्याकडे जाताना: आधी धोरण बोलू, आकडे मागाहून. झोपाळ्यावरून जात्याकडे: 500 हून जास्त माणसं एकत्र बसून आकडे तपासू शकत नाहीत, लहान गट लागतात. जात्यावरून विळीकडे: पीठ झाल्याशिवाय स्वयंपाक नाही, अहवाल हाती आल्याशिवाय मतदान नाही. कुकरवरून पेटीकडे: मागणी मान्य झाली म्हणजे पैसे काढता येतात असं नाही, त्यासाठी कायदा लागतो. पेटीवरून रांजणाकडे: आधी खर्च किती ते ठरलं, आता तो भागवायला कर. सगळ्या वाटांसाठी अशी वाक्यं लागणार नाहीत, पण या पाचांसाठी तरी लागतातच.

लेखानुदान मी मुद्दाम वाटेवर ठेवलेलं नाही. झोपाळा आणि जातं यांच्यामधल्या भिंतीत एक फडताळ आहे असं समज, त्यात तांदळाचे सहा वाटे आणि एकच उचललेला. 2017 च्या आधी अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या अखेरीस यायचा, मंजुरी नव्या वर्षात सरकायची, म्हणून मधल्या काळासाठी साधारण दोन महिन्यांचा, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या एक-षष्ठांश, पैसा आगाऊ मंजूर करून घ्यावा लागायचा. आता मंजुरी सहसा 31 मार्चपूर्वी होते, त्यामुळे हे फडताळ मुख्यतः निवडणुकीच्या वर्षी उघडतं, जसं 2019 आणि 2024 मध्ये. कधीतरीच येणारा टप्पा मुख्य वाटेवर ठेवलास की दर वर्षीचा क्रम लिहिताना तो मधेच घुसतो. पूरक मागण्या तर इथे आणूच नकोस, त्या वर्षाच्या मध्यात येतात आणि त्यांना वेगळी छोटी वाट हवी.

कलमांचे आकडे खडूने भिंतीवर लिही: उंबऱ्यावर 112, विळीमागे 113, पेटीवर 114, फडताळावर 116. मधलं 115 पूरक मागण्यांचं, ते घराबाहेर राहू दे. आकड्यांसाठी वेगळी चित्रं करत बसू नकोस, एवढ्याने भागतं.

आता कसं बसवायचं ते. एका बैठकीत पाचच जागा भर. प्रत्येक जागी दहा-पंधरा सेकंद थांब आणि चित्राला हलू दे, आवाज दे. नुसती ठेवलेली वही पुसट होते, उडणारे कागद टिकतात. दुसऱ्या दिवशी पुढच्या पाच, तिसऱ्या दिवशी उरलेल्या तीन. प्रत्येक नव्या बैठकीआधी फाटकापासून चालून ये, पुस्तक न उघडता. मग एक दिवस सोडून, मग आठवड्याने, मग महिन्याने. तुझी चित्रं दोन दिवस टिकली आणि मग गेली, कारण त्या दोन दिवसांनंतर तू त्या राजवाड्यात पुन्हा फिरकली नसशील. पद्धत कुठलीही असो, हे फिरणं चुकत नाही.

पक्कं झालं की नाही हे सरळ चालून कळत नाही. सरळ चालताना मागची जागा पुढचीला ओढून आणते आणि आपल्याला येतंय असं वाटत राहतं. विहिरीपासून फाटकाकडे चालून बघ. मग बहिणीला म्हण, मधलाच आकडा विचार: नववी जागा कुठली, गिलोटिनच्या आधी काय, राज्यसभा कितवी. पाच सेकंदांत उत्तर आलं तर बसलंय. प्रत्येक वेळी फाटकापासून मोजत यावं लागत असेल तर सोन्याचे हात अजून नीट दिसत नाहीत, ते अधिक झळझळीत कर. आणि सतत एकाच जागी अडखळत असशील तर पाठांतर वाढवू नकोस, तिथलं चित्र बदल. बहुतेक वेळा ते शेजारच्या चित्रासारखं असतं, तुझ्या दोन सुऱ्यांसारखं.

उत्तरपत्रिकेत घर आणायचं नाही. प्रश्न वाचून झाला की कच्च्या जागेत 1 ते 13 आकडे लिही, घरातून एकदा चालून प्रत्येकासमोर टप्प्याचं खरं नाव लिही, मग घर बंद कर आणि वाटेवरची "का"ची वाक्यं वापरून परिच्छेद लिही. प्रश्न फक्त "संसदेतील मंजुरीचे टप्पे" असा असेल तर उंबऱ्यापासून सुरू कर, फाटक आणि हलवा लिहून वेळ घालवू नकोस. पाठ्यपुस्तकात मंजुरीचे सहा टप्पे दिलेले असतात: मांडणी, सर्वसाधारण चर्चा, समित्यांची तपासणी, मागण्यांवर मतदान, विनियोजन, वित्त. तुझ्या घरात ते उंबऱ्यापासून रांजणापर्यंत आहेत, कुकर विळीच्याच टप्प्यातला.

महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाचाही हाच प्रश्न तुला येईल. तिथे मागण्यांवर मतदान विधानसभेत, मागच्या दारात विधान परिषद, तिलाही 14 च दिवस, आणि विहिरीवर सही राज्यपालांची. साचा इतका जवळचा आहे की याच घरात तो बसवायचा मोह होईल. तसं करू नकोस. आत्याच्या जागी कधी राज्यसभा दिसेल, कधी परिषद, आणि दोन्ही वाटा बिघडतील. त्यासाठी मामाचं घर घे, सुट्टीत जिथे राहायचीस ते, आणि तिथेही पाचव्या जागेवर सोन्याचा हात ठेव.